रडवणारी ओळ, हिशेबाची ओळ

जाहिरातीच्या ओळी लिहून मी बारा वर्षं पोट भरते आहे. लग्नाआधी पुण्यात एका एजन्सीत होते. मुलगी झाल्यावर नवऱ्याच्या नोकरीपायी बारामतीला आले, आणि जळोचीला भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर बसून त्याच एजन्सीसाठी मराठी ओळी लिहायला लागले. बियाणं, ठिबकच्या नळ्या, सोन्याचं दुकान, बारावीचे क्लास, जे येईल ते. कधी कंटाळा यायचा, कधी हसू यायचं. किळस म्हणावी अशी मात्र कधी आली नव्हती. ती विम्याच्या कामात आली, आणि सगळ्यात आधी माझीच मला आली.

एका आयुर्विमा कंपनीनं लहान मुलांच्या आईवडिलांसाठी नवी योजना काढली होती. योजना साधी होती. बापानं दरवर्षी हप्ता भरायचा, मूल अठरा वर्षांचं झालं की शिक्षणासाठी रक्कम मिळायची. मधल्या काळात बाप गेला तर विम्याची ठरलेली रक्कम लगेच मिळायची, पुढचे हप्ते माफ व्हायचे आणि अठराव्या वर्षीची रक्कम जशीच्या तशी मुलाला मिळायची. यात खोटं काही नव्हतं. कंपनीला ही योजना पुण्याबाहेर, तालुक्याच्या गावांत खपवायची होती, आणि एजन्सीत अशा गावात राहणारी, शिवाय लहान मुलाची आई असलेली एकटी मीच होते.

आमच्या धंद्यात अशा कामाला दोन वाटा असतात. एक इमोशनल, एक रॅशनल. म्हणजे एक ओळ काळजाला हात घालणारी आणि एक डोक्याला पटणारी. दोन्ही लिहायच्या, लोकांना दाखवायच्या, आणि जी जास्त लागू पडेल ती घ्यायची. डोक्याची ओळ मी पहिल्याच दिवशी लिहिली: ‘बाबांचे हप्ते थांबले, तरी मुलीचं शिक्षण थांबणार नाही.’ खाली बारीक अक्षरांत पुढचे हप्ते कसे माफ होतात ते. ही ओळ माझी मलाच आवडली होती. योजनेत जे होतं तेच ती सांगत होती.

काळजाची ओळ जमेना. मी लिहिलं, ‘तिच्या पहिल्या पावलापासून तिच्या पहिल्या नोकरीपर्यंत.’ एजन्सीचे प्रमुख, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, फोनवर म्हणाले, “गोड आहे. बेबी पावडरला चालेल.” मी आणखी चार पाठवल्या. “अगं, हे सगळं सुखाचं आहे. सुखात कोण विमा घेतो? जरा पोटात खड्डा पडू दे.”

त्याच्या दोनच महिने आधी माझ्या नवऱ्याला डेंगी झाला होता. प्लेटलेट उतरत उतरत पार खाली गेल्या आणि त्याला पाच दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची. सकाळी तिला स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत सोडायचं काम त्याचं. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून अंघोळीपुरती घरी आले, तर ती गणवेश घालून दारात उभी. शेजारच्या काकूंनी वेणी घालून दिली होती. तिनं मला विचारलं, “बाबा घरी आला नाही तर मला शाळेत कोण सोडणार?” रडत नव्हती. खरंच तिला माहीत करून घ्यायचं होतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले.

ते वाक्य मी पुण्याच्या मीटिंगमध्ये बोलून गेले. बोलून गेले असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले, पण ते खरं नाही. समोर सर होते, विमा कंपनीच्या मार्केटिंगच्या मॅडम होत्या, एजन्सीतली दोन तरुण मुलं लॅपटॉप घेऊन बसली होती. माझ्या सहाव्या का सातव्या ओळीला मॅडम फोनमध्ये बघायला लागल्या, आणि मला ते सहन झालं नाही. मला त्यांनी वर बघायला हवं होतं. म्हणून मी खिशातनं काढावं तसं ते काढलं. थोडं घासूनपुसूनही घेतलं. “बाबा, तू घरी आला नाहीस, तर मला शाळेत कोण सोडणार?”

मॅडमनी वर बघितलं. सरांनी टेबलावर थाप मारली.

“ही! ही बघ! इतके दिवस कुठे ठेवली होतीस?”

मॅडमचे डोळे ओले झाले होते. त्यांनाही लहान मुलगा होता. डोळे टिपत त्या म्हणाल्या, “बापरे, काटा आला. एकदम वर्क होईल.” एकाच दमात दोन्ही. मला त्या वेळी अभिमान वाटला, हे लिहायला हवं. बसनं परत येताना हडपसरच्या पुढे कुठेतरी मला मळमळायला लागलं. मी ते गाडी लागण्यावर ढकललं.

ओळी लोकांना दाखवायच्या दोन बैठका ठरल्या, एक बारामतीत आणि एक इंदापुरात. प्रत्येक बैठकीला पाच वर्षांखालचं मूल असलेली चार जोडपी. सर आणि मॅडम पुण्याहून येणार, आणि बोलायचं मी, कारण लोक माझ्याशी मोकळे होतील. आलेल्यांना स्टीलच्या डब्यांचा संच भेट.

बारामतीची बैठक एका हॉटेलच्या वरच्या छोट्या हॉलमध्ये झाली. एमआयडीसीतला फिटर आणि त्याची बायको, माळेगावच्या कारखान्याच्या वसाहतीतलं एक जोडपं, दवाखान्यातली एक नर्स आणि तिचा मेडिकलवाला नवरा, आणि एक तलाठी, त्याची बायको ऐनवेळी आलीच नाही. मी दोन मोठे पुठ्ठे भिंतीला टेकवून ठेवले होते. आधी हिशेबाचा दाखवला. त्यावर आईबाप आणि मुलगी टेबलाशी बसलेले, वर ओळ. सगळ्यांनी वाचला. “बरं हाय,” फिटर म्हणाला. “किती हप्ता पडतो?” नर्सनं विचारलं, आणि हप्ते कुणाचे माफ होतात, आजारपणात होतात की मेल्यावरच, अपंगत्व आलं तर काय, असं ती एकेक विचारत गेली. ड्यूटीवर माणसं बघणाऱ्या बाईचे प्रश्न होते ते. मॅडम उत्तरं देत होत्या, पण त्यांचा चेहरा आक्रसत चालला होता.

मग मी दुसरा पुठ्ठा वळवला. पाठमोरी लहान मुलगी, पाठीवर दप्तर, उघडं दार, रिकामा रस्ता. आणि ती ओळ.

फिटरनं वाचलं आणि मान खाली घातली. मोठा धिप्पाड गडी. बोटांनी डोळे दाबले तरी पाणी खाली आलंच. बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. “ह्यांचे वडील...” एवढंच ती म्हणाली. हा आठ वर्षांचा असताना बाप गेला होता, हे तिनं मला नंतर जिन्यात सांगितलं. नर्सनं पुढे एकही प्रश्न विचारला नाही. हप्ता किती, हेसुद्धा कुणी विचारलं नाही.

मी मागं बघितलं. सर भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघून वहीत काहीतरी टिपून घेतलं. संपल्यावर वही टेबलावर उघडीच होती. लिहिलं होतं: ‘पुरुष, तिशी. चार सेकंदांत रडला.’

डब्यांचा संच घेताना तो फिटर माझ्याकडे बघून ओशाळं हसला, जणू चूक त्याचीच झाली होती. “ताई, माफ करा हां,” म्हणाला. मी म्हटलं, “नाही हो, उलट तुम्ही...” आणि पुढे काय म्हणावं ते मला सुचेना. शब्दांवर जगणारी बाई मी.

इंदापूरची बैठक पुढच्या रविवारी एका क्लासच्या वर्गात होती. बाकांवर मुलांनी कंपासनं नावं कोरलेली, फळ्यावर त्रिकोणाचं अर्धवट गणित. तिथे डाळजचं एक जोडपं आलं होतं. तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता, म्हणजे उसाच्या गाड्या वजन करून घेणारा. ती भिगवणला एका डॉक्टरकडे नोंदणीच्या टेबलावर बसायची. मुलगी तीन वर्षांची, आजीपाशी ठेवून आले होते. बाकीची तीन जोडपी लाजत होती. ही दोघं पहिल्या बाकावर बसली.

हिशेबाची ओळ वाचून तो म्हणाला, “चांगलं लिवलंय. एक इचारू का?”

“विचारा ना,” मी म्हटलं.

“आज मी मेलो, तर उद्या हिच्या हातात किती पडतील?”

मॅडम पुढे आल्या. “तुमच्या मुलीला अठराव्या वर्षी पूर्ण रक्कम...”

“ते वाचलं मी. ते पंध्रा वर्सांनी. उद्याचं इचारतोय.”

“वार्षिक हप्त्याच्या दहापट,” मॅडम म्हणाल्या.

तो बोटांवर मोजायला लागला. आधी बायकोकडे बघितलं, मग आमच्याकडे. “तुमी हप्ता सांगितला तो पडतो माझ्या एका म्हैन्याच्या पगाराएवढा. त्याच्या धापट. म्हंजे धा म्हैन्याचा पगार. व्हय ना?”

“साधारण तसंच.”

“मग अकराव्या म्हैन्यात ह्या दोघींनी काय खायचं?”

वर्गात कुणीतरी हसलं, पण तो विनोद करत नव्हता. मॅडम म्हणाल्या की ही योजना शिक्षणासाठी आहे, घरखर्चासाठी कंपनीच्या वेगळ्या योजना आहेत. तो म्हणाला, “हाय की. मोबाईलवर बघितलंय मी. नुसता विमा असतो तो. मेलं तरच पैसं, जगलं तर काय न्हाय. हप्ता ह्याच्या निम्माबी न्हाय आन् रक्कम ह्याच्या कितीतरी पटीनं. मग मी आधी ते का घेऊ नये?”

“त्यात तुम्हाला शेवटी काहीच परत मिळत नाही ना,” मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या. एजंटांना शिकवतात ते वाक्य.

“जगलो तर ना? जगलो तर आनखी काय पायजे मॅडम?”

इतर जोडपी आता नीट सावरून बसली. एकानं ‘त्या नुसत्या विम्याचं’ नाव विचारलं. दुसऱ्यानं खिशातनं पेन काढलं. पंधरा मिनिटं त्या वर्गात जे झालं तसं मी बारा वर्षांत कुठल्या जाहिरातीच्या बैठकीत बघितलं नव्हतं. लोक स्वतःच्या मरणाबद्दल शांतपणे, उसाच्या वजनाबद्दल बोलावं तसे बोलत होते. भीती कुणाच्याच तोंडावर नव्हती. सरांनी मला लांबून हातानं खूण केली: दुसरा पुठ्ठा वळव.

मी वळवला.

ती बाई, काटेवाल्याची बायको, ओळ वाचून उठून उभी राहिली. जवळ येऊन तिनं पुन्हा वाचली. मग मला विचारलं, “ताई, हे तुमी लिवलं का?”

“हो.”

“तुमाला लेकरू हाय?”

“आहे. मुलगी.”

“मग तिला दावलं का हे?”

मी नाही म्हटलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. आमच्याकडे नासलेलं दूध बघून बाया चेहरा करतात तसा तिचा चेहरा झाला होता. मग ती नवऱ्याला म्हणाली, “चला, पोरगी वाट बघत आसंल.” दाराशी थांबून एवढंच बोलली, “आन् पगार मीबी आनते. मी मेल्यावर घरात काय कमी पडनार न्हाय, आसं वाटतं का तुमाला? सगळं बाबा, बाबा.” डब्यांचा संच तिनं घेतला नाही. त्यानं बायकोकडे बघितलं आणि त्यानंही घेतला नाही.

सरांच्या वहीत मी त्या दिवशी मुद्दाम डोकावले. ‘स्त्री, पंचविशी. जागेवरून उठली. तीव्र प्रतिसाद. उत्तम.’

परतीच्या वाटेवर सरांनी गाडी भिगवणला मासे खायला थांबवली. मॅडमनाही मासे आवडायचे. मला भूक नव्हती. ताटं आली, सरांनी चिलापीचा तुकडा मोडला आणि काटे वेगळे करत करत निर्णय दिला. “रॅशनल बाद.”

“बाद का?” मी विचारलं. “लोक किती बोलत होते!”

“तेच तर. बोलत होते. हे बघ, तू लॉजिक दिलंस की माणूस हिशेब करतो. हिशेब करायला लागला की हातातून गेला. त्या काटेवाल्यानं पाच मिनिटांत सगळा वर्ग दुसऱ्या योजनेकडे नेला. आणि बारामतीचा तो फिटर? त्यानं किंमत विचारली का?”

मॅडम म्हणाल्या, “शिवाय हिशेबाच्या ओळीला आमचं कंप्लायन्स डिपार्टमेंट, म्हणजे जाहिरात नियमात बसते का ते बघणारे, पाच शंका काढणार. शिक्षण थांबणार नाही म्हणजे काय, कुठलं शिक्षण, किती खर्चाचं, कशाच्या आधारावर. विम्याच्या जाहिरातीत दावा केला की तो सिद्ध करावा लागतो. दुसरीत दावाच नाही. नुसता प्रश्न आहे, एका मुलीनं विचारलेला. ती एका दिवसात पास होईल.”

आणि तसंच झालं. रीत म्हणून दोन्ही ओळी त्यांच्याकडे तपासायला गेल्या. खऱ्या ओळीवर पाच शंका आल्या. रडवणाऱ्या ओळीवर एकही नाही. खाली नोंदणी क्रमांक आणि ‘अटी लागू’ आलं, काम संपलं.

भिगवणच्या त्या टेबलावर मी एकदा प्रयत्न केला. म्हटलं, तिसरी ओळ करू. ‘आधी आईबाबांचा विमा, मग बाळाची योजना.’ भावना आहे, हिशेबही आहे, आणि तो काटेवाला म्हणाला तेच आहे. मॅडम हसल्या. वाईट बाई नव्हती ती, थकलेली होती. “छान आहे गं. पण ह्यानं लोक नुसता विमा घेतील आणि थांबतील. त्याचा हप्ता बारीक. माझं टार्गेट बाळाच्या योजनेचं आहे.”

मग मी सांगितलं. ते वाक्य माझ्या मुलीचं आहे, नवरा दवाखान्यात असताना ती बोलली होती, आणि मला ते परत हवंय. परत हवंय, असाच शब्द वापरला मी, जणू कुणाला वापरायला दिलेली इस्त्री.

सरांचा हात ताटावरच थांबला. मला वाटलं, आता त्यांना काहीतरी वाटेल.

“म्हणजे खरं आहे?” ते म्हणाले. “अगं, मग तर फारच भारी! अशी ओळ येते कुठून, कळतच नव्हतं मला.” आणि बोटं चाटून त्यांनी सोलकढी मागवली.

मी उठून हॉटेलच्या बाहेर येऊन उभी राहिले. हायवेवरून ट्रक जात होते. तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. एजन्सी सोडते, ओळ वापरली तर बघा, असलं काहीतरी. मी तोंड धुतलं, आत गेले आणि बिल येईपर्यंत बसून राहिले. नवऱ्याची रजा बिनपगारी झाली होती, शाळेची फी भरायची होती, अशी कारणं माझ्याकडे होती आणि ती खरीही होती. पण त्याहून खरं हे, की ओळ चांगली झालीय हे मला कळत होतं, आणि ती भिंतींवर लागावी असं माझ्यातल्या कुणाला तरी अजून वाटत होतं.

ती लागली. इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर लागली, बारामतीत तीन ठिकाणी लागली. पेपरच्या पुरवणीत आली. मी घरी काही बोलले नाही. नवरा पेपर वाचत नाही, आणि त्याच्या वाटेवर फ्लेक्स नव्हता. मुलगी अजून वाचत नव्हती.

पुढच्या वर्षी ती वाचायला लागली. आणि पाचव्या वर्षीच्या बूस्टर डोसला मी तिला आमच्या नेहमीच्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. लसीच्या खोलीबाहेर बाकडी आहेत, समोरच्या भिंतीवर वजन-उंचीचे तक्ते. त्यांच्या मधोमध माझी जाहिरात. कंपनीनं दवाखान्यांना पोस्टर वाटले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लहान मुलांच्या आया दुसरीकडे कुठं एका जागी तासभर बसून सापडणार? मीही त्या कामावर असते, तर हेच सुचवलं असतं.

तिनं अक्षरं लावायला सुरुवात केली. दिसेल ते वाचायचं वय. “बा-बा, तू घ-री आ-ला...” मी म्हटलं, चल, नंबर आला. नंबर आलेला नव्हता. ती पूर्ण वाचेपर्यंत हलली नाही. मग तिनं त्या पाठमोऱ्या मुलीकडे बोट दाखवून विचारलं, “आई, हिचा बाबा मेला?”

बाकड्यावरच्या तीन बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एकीच्या मांडीवर दोन महिन्यांचं बाळ होतं.

“नाही गं. ते नुसतं चित्र आहे.”

“मग ती एकटी का उभी आहे?”

“तिचा बाबा गाडी काढतोय.”

“रस्त्यावर गाडी नाहीये,” ती म्हणाली. तिला ते वाक्य तिचं आहे हे आठवत नव्हतं. वर्षभरापूर्वीचं कुणाला आठवणार. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच घाण वाटली.

सुई टोचताना ती रडली नाही. रात्री ताप आला, तो डोसचा होता. पण दुसऱ्या दिवशी नवरा कामाला निघाला तर ती दारात आडवी झाली. “तू येणार ना? नक्की ना?” तो हसून हो म्हणाला. तिसऱ्या दिवशी तिनं त्याचं हेल्मेट लपवलं. चौथ्या दिवशी शाळेतून फोन आला की ही सुट्टीत फाटकाला धरून उभी राहते, आत येत नाही. नवरा हैराण झाला. “हिला काय झालंय? कुणी काही बोललं का?”

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. दवाखान्यातला तो दिवस, मीटिंग, फिटर, भिगवण. तो ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं. “मी तिकडं पडलो होतो, तेव्हाच सुचलं होतं का तुला?”

“नाही,” मी म्हटलं. “नंतर.”

“किती नंतर?”

“दोन महिने.”

त्यानं मान हलवली. तो भांडला असता तर सोपं गेलं असतं. तो उठून बाल्कनीत गेला आणि तिच्या सायकलीची चेन बसवत राहिला. कितीतरी दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो.

डॉक्टरांकडे मी एकटी गेले आणि पोस्टर काढायची विनंती केली. भला माणूस. म्हणाला, “अहो, माझ्या लक्षातच आलं नाही. एजंट येऊन लावून गेला, सोबत भिंतीवरचं घड्याळ दिलं. एक-दोघी बघून रडल्या होत्या खऱ्या, मला वाटलं मुलांच्या इंजेक्शनमुळे.” त्यांनी कंपाउंडरला हाक मारली आणि पोस्टर उतरवलं. ते मी लिहिलंय हे त्यांना मी सांगितलं नाही.

मुलगी महिन्याभरात सावरली. त्याला मी काही केलं नाही. शाळेतल्या बाईंनी फाटकाजवळच्या झाडांना पाणी घालायचं काम तिला दिलं, आणि बाप रोज संध्याकाळी येतच राहिला, म्हणून.

सरांना मी पत्र लिहिलं, की यापुढे विम्याचं काम देऊ नका. त्यांचा लगेच फोन आला, आवाज अगदी प्रेमळ. योजना पश्चिम महाराष्ट्रात उत्तम गेली होती. “तुझ्या ओळीचं नाव निघतं इथे. आता आजीआजोबांसाठी पेन्शनची आहे, विचार कर.” मी नाही म्हटलं. त्यांना राग आला नाही. त्यांच्याकडे दुसरं कुणीतरी होतंच.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी नुसता विमा घेतला, दोघांच्या नावे. रक्ताची तपासणी झाली. फॉर्ममध्ये डेंगीचा कॉलम भरताना नवरा म्हणाला, “लिही खरं, लपवू नको. नंतर क्लेम अडतो.” आम्ही दोघं टेबलाशी बसून, आपण नसताना घर किती वर्षं चालायला हवं, ते मांडत होतो. त्यात कुणाचा गळा दाटला नाही. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा माझ्याशी नेहमीसारखा बोलला.

गेल्या महिन्यात इंदापूरला कामासाठी गेले होते. स्टँडसमोरचा फ्लेक्स बदललाय. कंपनी तीच, योजनेचं नाव नवं. एक लहान मुलगा, त्याच्या हातात आईची रिकामी चप्पल. ओळ कुणा दुसऱ्याची. आता बाबांऐवजी आई मरते. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ती दोनदा वाचली. तिसरा शब्द जरा जड झालाय, तो मी काढला असता, असं माझ्या मनात आलं. मग मी रिक्षाला हात केला.